तीस लाख जन्म आणि पाव टक्का

हेपॅटायटिस बी हा यकृताचा आजार. त्याचा विषाणू अंगात बाळगणाऱ्या आईला मुलगा होण्याची शक्यता इतर आयांपेक्षा जास्त असते का, हा प्रश्न २००५ ते २००८ या काळात अर्थशास्त्रात चांगलाच गाजला. २००८ साली मिंग-जेन लिन आणि मिंग-चिंग लुओ या तैवानी अभ्यासकांनी सुमारे तीस लाख जन्मांच्या नोंदी तपासून त्याचे उत्तर दिले. जास्त असते, पण पाव टक्क्याने. दहा हजार जन्म घेतले तर विषाणूवाहक आयांना इतरांपेक्षा साधारण २५ मुलगे अधिक होतात.

हे उत्तर 'हो' आहे की 'नाही'? संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते 'हो' ठरते. तैवानमध्ये तेव्हा शंभरातल्या पंधरा आया वाहक होत्या असे धरून ढोबळ हिशेब केला, तर तीस लाख जन्मांत निव्वळ योगायोगाने पडणारा फरक दहा हजारांमागे आठेकचा असतो. २५ हा त्याच्या तिप्पट आहे, म्हणून त्याला योगायोग म्हणता येत नाही. पण ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप झाला, त्याचे उत्तर मात्र 'नाही' असेच निघाले. ही दोन्ही उत्तरे एकाच आकड्यातून कशी निघतात, आणि असा आकडा लिहिताना कोणते उत्तर पुढे ठेवायचे, यावरच्या वादाचा हा आढावा आहे. उदाहरण मुलींच्या जन्माचे घेतले आहे. एक तर या वादाची सुरुवातच तिथून होते, आणि महाराष्ट्र व छत्तीसगड या दोन्ही राज्यांना तो आकडा जवळून लागतो.

योगायोग नाही, मग काय?

१७१० साली लंडनमध्ये जॉन आर्बथनॉट या डॉक्टरने शहरातल्या बाप्तिस्म्यांच्या ८२ वर्षांच्या नोंदी पाहिल्या. प्रत्येक वर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त होते. मुलगा की मुलगी हे नाणेफेकीसारखे असते, तर सलग ८२ वर्षे एकच बाजू वर येणे अशक्यप्राय होते. मोठ्या नोंदींतून लहान फरक योगायोगापासून वेगळा काढण्याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण. आर्बथनॉट बरोबर होता. दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५२ मुली जन्मणे हे माणसाच्या जातीत सर्वत्र आढळते. पण त्यापुढे जाऊन त्याने हा ईश्वरी योजनेचा पुरावा ठरवला. फरक खरा असणे ही एक गोष्ट, त्याचा अर्थ काय ही दुसरी. पहिलीचा पुरावा दुसरीसाठी वापरण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

विसाव्या शतकात नमुने मोठे होत गेले तशी ही सवय महागात पडू लागली. दोन मानवसमूह शरीरमोजमापांत एकमेकांपासून किती दूर आहेत, हे सांगण्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी एक गुणांक बनवला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या सुमारास त्यातली खोट दाखवली. तेच दोन समूह घ्या, फक्त मोजलेली माणसे वाढवा, की गुणांक वाढतो. म्हणजे तो अंतर मोजत नव्हता, अंतर शून्य नाही याची खात्री मोजत होता. समूहांमधले खरे अंतर सांगणारे वेगळे माप महालनोबिस यांनी विकसित केले, आणि १९३६ च्या त्यांच्या निबंधातून ते जगभर गेले. दोनच वर्षांनी अमेरिकेत जोसेफ बर्कसन यांनी हीच अडचण दुसऱ्या बाजूने मांडली. नमुना पुरेसा मोठा असेल तर जवळपास कुठलीही कसोटी 'लक्षणीय' म्हणणारच, कारण खऱ्या जगात दोन गोष्टी शेवटच्या दशांशापर्यंत सारख्या नसतात. मग ज्या निकालाची आधीच खात्री होती, त्यातून नवे काय कळले?

या टीकेतून पुढे 'परिणामाचे आकारमान' सांगण्याची पद्धत आली. जेकब कोहेन यांनी त्यासाठी मोजपट्ट्या दिल्या. दोन प्रमाणांमधल्या फरकासाठी ०.२ म्हणजे लहान, ०.५ म्हणजे मध्यम, ०.८ म्हणजे मोठा. आता प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. महाराष्ट्राच्या आकड्यांवर ही पट्टी ठेवली की तो सुटलेला नाही हे दिसते.

पट्टी जिथे तोकडी पडते

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतची सुमारे १ कोटी ३३ लाख मुले होती. त्यांत ७०.३५ लाख मुलगे आणि ६२.९१ लाख मुली, म्हणजे हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. निसर्गाच्या प्रमाणाने दहा हजार बालकांत ५,१२३ मुलगे असायला हवेत, होते ५,२७९. फरक दहा हजारांमागे १५६ चा. कोहेन यांच्या पट्टीवर तो ०.०३ भरतो. 'लहान' म्हणायलाही त्याला सहापटीहून अधिक वाढावे लागेल. पट्टीच्या हिशेबाने हा फरक नगण्य आहे.

पण ७०.३५ लाख मुलग्यांमागे ९५२ च्या प्रमाणाने सुमारे ६७ लाख मुली हव्या होत्या. म्हणजे चार लाखांहून अधिक मुली एका राज्यात, सात वर्षांच्या वयोगटात, कमी आहेत. बालवयातल्या मृत्यूंमुळे हा हिशेब थोडा इकडेतिकडे होईल, पण आकड्याची जात बदलणार नाही. याला नगण्य म्हणणारी पट्टी इथे कामाची नाही, कारण हा फरक कुणाच्या वाट्याला आला हे तिला ठाऊक नसते. रक्तदाब दोन अंकांनी कमी होणे आणि मूल जन्मालाच न येणे या दोन्ही गोष्टी ती एकाच एककात मोजते.

म्हणून टीकाकारांचे अर्धेच म्हणणे खरे मानावे लागते. 'लक्षणीय' या शिक्क्यावरून महत्त्व ठरत नाही हे खरे. पण आकडा बारीक आहे एवढ्यावरून बिनमहत्त्वाचाही ठरत नाही. तुलना कशाशी करायची, हे ठरवल्याशिवाय दोन्ही बाजूंना बोलता येत नाही.

ज्या प्रश्नासाठी आकडा काढला तो प्रश्न

अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगात दहा कोटींहून अधिक स्त्रिया 'हरवलेल्या' आहेत असे लिहिले, तेव्हापासून त्या कुठे गेल्या याचा शोध सुरू झाला. २००५ साली एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञ महिलेने एक धक्कादायक उत्तर दिले. हेपॅटायटिस बी असलेल्या पालकांना मुलगे जास्त होतात, आणि हरवलेल्या स्त्रियांपैकी जवळपास ४५ टक्क्यांचा हिशेब त्यातून लागतो. चीनमध्ये तर ७५ टक्क्यांचा. भारताच्या वाट्याला त्यांनी २० टक्क्यांपेक्षा कमी ठेवले होते. हे खरे असते तर दोष बराचसा समाजाकडून विषाणूकडे गेला असता. मोनिका दास गुप्ता यांनी लगेच आक्षेप घेतला. पहिल्या अपत्यात मुलामुलींचे प्रमाण साधारण नैसर्गिक असते, आणि आधी फक्त मुली झालेल्या घरात पुढच्या जन्मात ते एकदम बिघडते. विषाणूला आधीच्या मुली मोजता येत नाहीत.

मग आला तीस लाख जन्मांचा तैवानचा अभ्यास. विषाणूचा परिणाम त्यात खरा निघाला, आणि त्याचे मापही मिळाले. ते माप भारताला लावून पाहू. भारतात साधारण शंभरातल्या तीन ते चार जणांत हा विषाणू असतो. वाहक आयांच्या दर दहा हजार जन्मांत २५ मुलगे जास्त धरले, तरी सगळ्या जन्मांवर पसरल्यावर उरतो दहा हजारांमागे एक मुलगा. महाराष्ट्रातला फरक १५६ चा होता. विषाणू त्यातल्या एकाचे उत्तर देतो, १५५ चे उत्तर दुसरीकडे शोधावे लागते. तैवानचा निकाल 'लक्षणीय' असूनही ऑस्टर यांच्या सिद्धान्ताच्या विरोधात गेला, तो असा. त्याच वर्षी ऑस्टर यांनी सहकाऱ्यांसोबत चीनमधल्या सुमारे ६७ हजार लोकांच्या माहितीवर स्वतः पडताळणी केली आणि विषाणूमुळे चीनमधले प्रमाण बिघडलेले नाही असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

आधीच्या पाहण्यांत परिणाम एवढा मोठा का दिसला, याचे एक कारण नमुन्याच्या आकारात आहे. वाहक आणि बिगरवाहक आयांची प्रत्येकी ५०० बाळंतपणे घेतली, तर फरक दहा हजारांमागे सहाशेच्या वर गेल्याशिवाय कसोटी त्याला पास करत नाही. खरा फरक २५ चा असेल, तर लहान पाहणीत पास होणारा प्रत्येक निकाल खऱ्यापेक्षा किमान चोवीसपट फुगलेला असणार. मोठा नमुना बारीक फरकांना उगाच मोठे करतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. इथे झाले उलटे. फुगवले लहान पाहण्यांनी, आणि मोठ्या नमुन्याने फरकाला त्याच्या जागेवर आणून बसवले.

कुरुदमधून काय दिसेल?

भिलाईतल्या कुरुदसारख्या वस्तीत उभे राहून हाच प्रश्न विचारला तर नमुन्याचा आकार का लागतो ते हातात येते. छत्तीसगडमध्ये वस्तीवस्तीत मितानिन या आरोग्य स्वयंसेविका असतात, आणि कुठल्या घरी बाळ झाले हे त्यांना माहीत असते. कुरुद आणि आजूबाजूच्या मितानिनींच्या नोंदी एकत्र करून वर्षाचे ४०० जन्म जुळले असे धरू. निसर्गाच्या प्रमाणाने त्यांत २०५ मुलगे हवेत. पण ४०० जन्मांत योगायोगानेच आकडा दोन्ही बाजूंना वीसने हलतो, त्यामुळे १८५ ते २२५ पर्यंत काहीही आले तरी ते साहजिक आहे. आता समजा इथे महाराष्ट्राइतकेच प्रमाण बिघडले. मग मुलगे होतील २११. सहा मुलींची तूट वहीत असेल, पण ती कुणालाही दिसणार नाही. एखाद्या वर्षी १९५ मुलगे आले तर इथे मुलींची संख्या वाढली म्हणून सत्कारही होईल.

ही तूट बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला सुमारे ८,००० जन्म लागतात, म्हणजे कुरुदच्या या वहीची वीस वर्षे. आणि विषाणूचा दहा हजारांमागचा एक मुलगा याच खात्रीने पकडायचा तर वीस कोटींच्या आसपास जन्म हवेत. म्हणून मोठ्या नमुन्याला दोष देण्यात अर्थ नाही. वस्तीतल्या माणसाला जे दिसणे शक्यच नाही, ते त्याच्यामुळे दिसते. त्याच वेळी, एखाद्या गावाच्या किंवा एका रुग्णालयाच्या एका वर्षाच्या लिंग-गुणोत्तरावरून बातमी करणाऱ्याने आधी हा वीसचा हेलकावा वजा करून पाहावा.

सरासरीच्या पोटात

दोन बारीक फरक आकाराने सारखे असूनही जातीने वेगळे असू शकतात. विषाणूचा परिणाम वाहक आयांमध्ये थोडा थोडा विखुरलेला असतो. निवड करून मुलगी टाळणे तसे विखुरलेले नसते. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली भारतातल्या सुमारे अडीच लाख जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे १९९० मध्ये ९०६ मुली होत होत्या, २००५ मध्ये ८३६ झाल्या. पहिला मुलगा असलेल्या घरात अशी घसरण नव्हती. सगळे जन्म एकत्र करून सरासरी काढली की हा मोठा फरक पातळ होतो.

जिल्ह्यांचेही तसेच. २००१ मध्ये बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. राज्याच्या सरासरीत याच दशकात घट दिसते ९१३ वरून ८९४ एवढी. राज्याच्या १९ वरून बीडच्या ८७ चा अंदाज येत नाही. म्हणून सरासरी फरक बारीक निघाला की लिहिणाऱ्याचे पुढचे काम तो फोडून पाहण्याचे आहे. अपत्याच्या क्रमाने, जिल्ह्याने, आधीच्या मुलामुलींनी फोडूनही तो तेवढाच बारीक राहिला तर खरोखर बारीक आहे. एखाद्या कप्प्यात तो उसळला, तर महत्त्व त्या कप्प्यात आहे. मात्र कप्पे आधी ठरवून घ्यावेत. शंभर कप्पे करून पाहिले तर दोन-चार योगायोगानेही उसळतात.

उपायाची किंमत

फरक कारणाचा नसून उपायाचा असेल तेव्हा वाद आणखी एका वळणाने जातो. अमेरिकेत २२,०७१ डॉक्टरांवर ॲस्पिरिनची चाचणी झाली. पहिल्या अहवालात गोळी घेणाऱ्यांत १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला, नकली गोळी घेणाऱ्यांत १८९ जणांना. गट जवळपास सारखे होते, म्हणजे हजारांमागे आठ जण वाचले. मानसशास्त्रातले संशोधक हे उदाहरण पुढे करून म्हणत आले की सहसंबंधाचा आकडा कितीही क्षुल्लक दिसो, त्यात माणसे असतात. ते खरे आहे, पण हिशेबाची दुसरी बाजूही माणसांचीच असते. २०१८ मध्ये १५,४८० मधुमेहींवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत ॲस्पिरिनने हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आणले, आणि मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर नेला. हजारांमागे अकरा वाचले, नऊ अडचणीत आले. दोन्ही फरक लक्षणीय, दोन्ही बारीक. फक्त पहिला लिहिला तर गोळी घ्यावी असे वाटेल, दोन्ही शेजारी ठेवले तर डॉक्टरशी बोलावे असे वाटेल.

जिथे वाद मिटत नाही

छत्तीसगडचा आकडा या सगळ्यात सर्वांत अवघड. इथे २००१ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९७५ मुली होत्या, २०११ मध्ये ९६९. दोन्ही आकडे महाराष्ट्रापेक्षा कितीतरी चांगले. घट सहाची. दोन्ही वेळची मिळून ७० लाखांहून अधिक मुले मोजली गेली असल्याने कसोटीवर हा फरक योगायोगाच्या चौपट भरतो, म्हणजे ठणठणीत लक्षणीय. दहा हजार बालकांमागे तो १५ मुलग्यांचा आहे, आणि माणसांत मोजला तर सुमारे अकरा हजार मुलींचा.

अकरा हजार मुली दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. पण या अकरा हजार जन्मल्याच नाहीत, असे लिहिण्याआधी थांबावे लागते. कसोटी फक्त योगायोगाचा धोका मोजते, मोजणीतल्या चुकीचा नाही. २०११ च्या जनगणनेनंतर नमुना-पडताळणी झाली, तेव्हा देशभरात हजारांमागे सुमारे २३ माणसे मोजणीतून सुटल्याचे आढळले. सुटलेल्यांत मुली मुलग्यांपेक्षा किंचित जास्त असतील, किंवा सात वर्षांच्या मुलांचे वय सहा सांगण्याची सवय दोन जनगणनांत थोडी बदलली असेल, तर सहाचा फरक त्यातूनच तयार होऊ शकतो. योगायोगाची चूक नमुना वाढला की घटते. मोजणीतली चूक मात्र कोटी माणसे मोजली तरी तेवढीच राहते. महाराष्ट्राच्या १५६ ला ती गिळू शकत नाही, छत्तीसगडच्या १५ ला गिळू शकते.

इथे दोन प्रामाणिक माणसे वेगवेगळे म्हणू शकतात. एक म्हणेल, घट खरी असण्याची शक्यता पुरेशी आहे, सोनोग्राफी केंद्रांवरची देखरेख आत्ताच वाढवा, बीडचे झाले तसे व्हायची वाट पाहू नका. दुसरा म्हणेल, आधी जन्मनोंदणी आणि अपत्यक्रमाचे आकडे पाहा, मग जिल्हे ठरवा. माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण आकड्यात नाही, दोन चुकांच्या किमतीत आहे. या केंद्रांच्या नोंदी तपासण्याचा कायदा आधीच आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये राज्यापुरता केला, देशाने १९९४ मध्ये. घट खोटी निघाली तर काही तपासण्या जास्त झाल्या एवढेच होईल. खरी निघाली आणि आपण थांबलो, तर ती तूट कुठल्याही योजनेने भरून येत नाही. पण मी हे मत म्हणून लिहितो, कसोटीचा निकाल म्हणून नाही. वाचकाला हा फरक दिसला पाहिजे.

२०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. तिचे आकडे आले की 'मुलींचे प्रमाण चारने वाढले', 'तीनने घटले' अशा बातम्या राज्याराज्यांतून येतील, आणि एवढ्या मोठ्या मोजणीत त्यांतले बहुतेक फरक कसोटीवर लक्षणीयच ठरतील. म्हणून त्या शब्दाला बातमीत फारसे काम उरणार नाही. जागा द्यायची ती पुढच्या गोष्टींना. फरक दहा हजारांमागे किती, तो नैसर्गिक प्रमाणापासून किती लांब, मोजणीतल्या चुकीपेक्षा मोठा आहे की नाही, आणि कोणत्या जिल्ह्यात व कितव्या अपत्यात साठला आहे. एवढे चार आकडे एका परिच्छेदात बसतात. ते दिले तर महत्त्वाचा वाद वाचकच घालू शकतो, आणि कुरुदमधल्या वाचकालाही त्यात तितक्याच अधिकाराने बोलता येते.